एकदा नाकारलेल्या कंपनीत पुन्हा अर्ज करताना रिक्रूटरला काय लिहावं?

प्रश्न: जावा बॅकएंडचा साडेचार वर्षांचा अनुभव आहे. ९ महिन्यांपूर्वी पुण्यातल्या एका प्रॉडक्ट कंपनीत दुसऱ्या टेक्निकल राउंडला रिजेक्ट झालो, कारण कळवलं नाही. आता तशीच पोझिशन पुन्हा निघाली आहे. रिक्रूटरला मेसेज करताना आधीचं रिजेक्शन स्वतःहून सांगावं का? मित्र म्हणतो, नव्या मेल आयडीने अर्ज कर, कुणाला कळणार नाही.

उत्तर:

सांगा, आणि अर्ज जुन्याच मेल आयडीने करा. मी पुण्यात आयटी कंपन्यांसाठी भरतीचं काम बरीच वर्षं करते आहे, त्यामुळे तुमचा अर्ज आल्यावर आमच्या स्क्रीनवर काय दिसतं ते आधी सांगते. ते कळलं की काय लिहायचं हे निम्मं आपोआप ठरतं.

थोड्याफार मोठ्या कंपनीत अर्ज थेट कुणाच्या इनबॉक्समध्ये पडत नाही. तो वर्कडे, ग्रीनहाउस, टॅलिओ किंवा नोकरी डॉट कॉमच्या आरएमएससारख्या एखाद्या सिस्टममध्ये जातो, जिला आम्ही एटीएस म्हणतो. तिथे प्रत्येक उमेदवाराची एक नोंद असते आणि नवा अर्ज आला की मेल आयडी किंवा मोबाइल नंबरवरून तो सहसा जुन्या नोंदीला जोडला जातो. ती नोंद उघडली की तुम्ही आधी कोणत्या जागेसाठी, कधी अर्ज केला होता, कोणत्या राउंडपर्यंत पोहोचला होतात आणि अर्ज कोणत्या कारणाखाली बंद झाला हे दिसतं. हे कारण बहुतेक वेळा तयार यादीतून निवडलेलं असतं: टेक्निकल स्किल कमी, पगाराची अपेक्षा जास्त, पोझिशन होल्डवर, उमेदवाराने माघार घेतली, असं काहीतरी. त्याखाली इंटरव्ह्यू घेणाऱ्याचा फीडबॅक असतो, साधारण तीन-चार ओळींचा. आणि तुमचा जुना रेझ्युमेही तिथेच जोडलेला असतो. कंत्राटावर काम करणाऱ्या रिक्रूटरला कधी कधी पूर्ण फीडबॅक दिसत नाही, फक्त राउंड आणि निकाल दिसतो. पण "हा उमेदवार आधी येऊन गेला आहे" एवढं तर सगळ्यांनाच दिसतं.

म्हणून मित्राचा सल्ला मोडीत काढा. मेल आयडी बदलला तरी मोबाइल नंबर तोच राहतो. दोन्ही बदलले तरी नाव, कॉलेज आणि कंपन्यांचा क्रम तोच असतो, आणि पुण्यातल्या एखाद्या मध्यम आकाराच्या कंपनीत ९ महिन्यांत इंटरव्ह्यू पॅनलही फारसं बदललेलं नसतं. समोरचा माणूस कॅमेरा सुरू होताच ओळखतो. त्यातून समजा सगळं पार पडलं, तरी ऑफरच्या आधी भरायच्या फॉर्ममध्ये "यापूर्वी या कंपनीत अर्ज केला आहे का किंवा इंटरव्ह्यू दिला आहे का" हा प्रश्न पुष्कळ ठिकाणी असतो आणि खाली दिलेली माहिती खरी असल्याचं तुम्ही लिहून देता. तिथे "नाही" लिहिलंत तर मूळचं साधं टेक्निकल रिजेक्शन बाजूला राहतं आणि खोटी माहिती दिल्याचा मुद्दा उभा राहतो. टेक्निकल कमी पडलेल्या उमेदवाराला आम्ही पुन्हा बोलावतो. माहिती लपवलेल्याला बोलावण्यासाठी कुठलाही रिक्रूटर मॅनेजरकडे शब्द टाकत नाही.

जुना रेझ्युमे जोडलेला असतो, हा मुद्दा उमेदवारांच्या लक्षातच येत नाही. पुन्हा अर्ज आला की मी जुना आणि नवा रेझ्युमे शेजारी-शेजारी उघडते. ९ महिन्यांत काय वाढलं ते बघायचं असतं, पण त्याच वेळी काय बदललं तेही दिसतं. मागच्या वेळी "सपोर्ट आणि बग फिक्सिंग" असलेला प्रोजेक्ट या वेळी "आर्किटेक्चर आणि डिझाइन" झाला असेल, किंवा दोन नोकऱ्यांमधली चार महिन्यांची गॅप गायब झाली असेल, तर तुम्ही मला पाठवलेली नोट कितीही चांगली असली तरी तिथेच थांबते. नोकरीच्या तारखा तर पुढे यूएएनच्या सर्व्हिस हिस्टरीवरूनही पडताळल्या जातात. तेव्हा पुन्हा अर्ज करण्याआधी तुमचा जुना रेझ्युमे शोधून काढा आणि नव्यातल्या तारखा, पदं आणि जुन्या प्रोजेक्टची वर्णनं त्याच्याशी जुळतात का ते बघा. जुन्यात काही चुकलं असेल तर नव्यात दुरुस्त करा आणि नोटमध्ये तसं एका ओळीत सांगा.

आता कूलिंग पिरियड. एकदा इंटरव्ह्यूत रिजेक्ट झाल्यावर किती दिवसांनी पुन्हा घ्यायचं याचा नियम बहुतेक आयटी कंपन्यांत असतो. सहा महिने हा सर्वांत नेहमीचा, काही ठिकाणी तीन, काही ठिकाणी पूर्ण वर्ष. हा काळ सहसा शेवटच्या इंटरव्ह्यूपासून किंवा रिजेक्शनच्या दिवसापासून मोजतात, अर्जाच्या तारखेपासून नाही. काही कंपन्यांत तो फक्त त्याच प्रकारच्या जागेला लागू असतो, दुसऱ्या टीमच्या वेगळ्या जागेला नसतो. तुमचे ९ महिने झाले आहेत, म्हणजे बहुतेक ठिकाणी तुम्ही मोकळे आहात, पण वर्षाचा नियम असलेली कंपनी असेल तर आजचा अर्ज सिस्टमच परत पाठवेल आणि नोट वाचलीही जाणार नाही. रिजेक्शनचा मेल पुन्हा वाचा, त्यात मुदत लिहिलेली असू शकते. नसेल तर आत काम करणाऱ्या कुणाला विचारा, किंवा थेट रिक्रूटरलाच विचारा: "माझा शेवटचा इंटरव्ह्यू अमुक महिन्यात झाला होता, मी आता पात्र आहे का?" हा प्रश्न विचारल्याने कुणाचं मत वाईट होत नाही.

मागच्या वेळी तुम्ही एखाद्या कन्सल्टन्सीमार्फत गेला होतात का, हेही आठवा. तसं असेल तर ठरावीक काळापर्यंत, साधारण सहा महिने ते वर्षभर, तुमचं प्रोफाइल त्या कन्सल्टन्सीच्या नावावर धरलं जातं. त्या काळात थेट अर्ज केलात तर कमिशन कुणाचं यावर अडतं आणि रिक्रूटर कटकट नको म्हणून पुढच्या उमेदवाराकडे वळतो. रेफरलचंही तसंच. मित्राने रेफर केलं आणि सिस्टमने "उमेदवार आधीपासून नोंदीत आहे" असं सांगितलं, तर मित्रही गोंधळतो. त्यालाही आधीच सांगून ठेवा.

हे झालं तयारीचं. खरं अवघड काम आहे ते नोटमध्ये नेमकं काय म्हणायचं ते ठरवणं. प्रामाणिकपणा म्हणजे "मी आधी रिजेक्ट झालो होतो" एवढंच लिहिणं, असं पुष्कळांना वाटतं. पण ते तर मला स्क्रीनवर दिसतंच. मला जे हवं असतं ते वेगळं आहे. तुमचा अर्ज पुढे न्यायचा तर मला हायरिंग मॅनेजरला पटवावं लागतं, आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "याला तर आपण नाही म्हटलं होतं ना, मग आता काय बदललं?" या प्रश्नाचं एका-दोन वाक्यांचं, पडताळता येईल असं उत्तर तुमच्या नोटमध्ये असेल तर मी ते उचलून तसंच पुढे पाठवू शकते. नसेल तर माझ्याकडे सांगण्यासारखं काही राहत नाही आणि त्याच जागेसाठी आलेले इतर अर्ज तर समोर असतातच.

एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. एका मुलीचा मेसेज आला होता. बॅकएंडचा पाच वर्षांचा अनुभव, वर्षभरापूर्वी पेमेंट टीमच्या जागेसाठी दुसऱ्या टेक्निकल राउंडला रिजेक्ट, अगदी तुमच्यासारखंच. तिचा पहिला मेसेज साधारण असा होता:

> नमस्कार मॅडम, मी मागच्या वर्षी आपल्याकडे इंटरव्ह्यू दिला होता, पण दुर्दैवाने माझी निवड झाली नाही. त्या दिवशी माझी तब्येत बरी नव्हती आणि नेटवर्कही नीट नव्हतं. त्यानंतर मी खूप मेहनत घेतली असून स्वतःमध्ये बरीच सुधारणा केली आहे. मायक्रोसर्व्हिसेस, काफ्का, डॉकर, क्युबरनेटिस, सिस्टम डिझाइन हे सगळं शिकले आहे. कृपया एक संधी द्यावी, मी निराश करणार नाही.

यात खोटं काहीच नाही. तब्येत खरंच बिघडली असेल, नेटवर्कही गेलं असेल. पण हा मजकूर मॅनेजरला पाठवून काहीही साधत नाही. तब्येतीचं कारण वाचून त्याला वाटतं, म्हणजे उमेदवाराच्या मते उत्तरात काही कमी नव्हतं. पाच तंत्रज्ञानांची यादी वाचून वाटतं, सगळं वरवरचं असणार. आणि "संधी द्यावी" ही विनंती आहे, माहिती नाही.

मी तिची जुनी नोंद उघडली. फीडबॅकमध्ये होतं: कोडिंग ठीक. एकच पेमेंट रिक्वेस्ट दोनदा आली तर काय, यावर फक्त "आधी टेबलात बघू, नसेल तर नोंद टाकू" एवढंच उत्तर. दोन्ही रिक्वेस्ट एकाच क्षणी आल्या तर काय, हे सुचलं नाही. पेमेंट टीमसाठी नको.

बॅकएंडवाल्यांना यातली गोम लगेच कळेल. दोन्ही रिक्वेस्ट एकाच वेळी टेबल बघतात, दोघींनाही नोंद सापडत नाही, दोघीही नोंद टाकतात आणि ग्राहकाच्या खात्यातून पैसे दोनदा जातात. आधी बघण्यावर विसंबून चालत नाही. प्रत्येक पेमेंटला स्वतःची एक की देऊन, जी तीच रिक्वेस्ट पुन्हा आली तरी बदलत नाही, तिच्यावर डेटाबेसमध्येच युनिक कन्स्ट्रेंट लावावा लागतो, म्हणजे दुसरी नोंद डेटाबेसच नाकारतो आणि त्या रिक्वेस्टला पहिलाच निकाल परत देता येतो. पेमेंटच्या टीमला हे माहीत नसलेला माणूस चालत नाही, आणि पॅनलने तेच लिहिलं होतं.

फीडबॅक जसाच्या तसा उमेदवाराला सांगायची मला परवानगी नसते. म्हणून फोन करून मी एवढंच विचारलं, "त्या राउंडमध्ये तुम्ही कुठे अडकलात असं तुम्हाला वाटतं?" तिने एका दमात तोच प्रश्न सांगितला. पुढे म्हणाली, "नंतर आमच्याच रिफंडच्या सर्व्हिसमध्ये दुबार नोंदींचा घोळ झाला होता, तो मीच सोडवला." वर्षभरातली सगळ्यात कामाची गोष्ट तिने मेसेजमध्ये लिहिलीच नव्हती! मी म्हटलं, हेच मला मेलवर पाठवा. तिचा दुसरा मजकूर असा होता. तुम्ही मेल इंग्रजीत लिहाल, पण आशय आधी असा मराठीत पक्का करून घ्या:

> विषय: सीनिअर बॅकएंड इंजिनिअर, जॉब आयडी अमुक. पुन्हा अर्ज, मागील इंटरव्ह्यू गेल्या मार्चमध्ये
>
> नमस्कार, वरील जागेसाठी मी काल पोर्टलवर अर्ज केला आहे. गेल्या वर्षी मार्चमध्ये याच टीमसाठी माझे दोन टेक्निकल राउंड झाले होते आणि दुसऱ्या राउंडनंतर निवड झाली नव्हती.
>
> कारण मला कळवलं गेलं नव्हतं, पण एकच पेमेंट रिक्वेस्ट दोनदा आली तर काय करायचं, या प्रश्नावर माझं उत्तर अपुरं होतं हे मला तेव्हाच जाणवलं होतं.
>
> त्यानंतर सध्याच्या कामात रिफंड सर्व्हिसमधल्या दुबार नोंदींची अडचण माझ्याकडे आली. प्रत्येक रिफंडला स्वतःची एक की, जी तीच रिक्वेस्ट पुन्हा आली तरी बदलत नाही, तिच्यावर डेटाबेसमध्ये युनिक कन्स्ट्रेंट आणि दुसऱ्यांदा आलेल्या रिक्वेस्टला पहिलाच निकाल परत देणं, हा बदल मी केला. तो सहा महिन्यांपासून प्रॉडक्शनमध्ये चालू आहे. यावर सविस्तर बोलण्याची माझी तयारी आहे.
>
> नोटीस पिरियड ६० दिवस. रेझ्युमे सोबत जोडला आहे.

रिजेक्शनचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात आहे, महिना आणि राउंडसकट, आणि तो एका वाक्यात संपतो. "दुर्दैवाने" नाही, माफी नाही, दिलगिरी नाही. रिजेक्ट होणं हा काही गुन्हा नव्हे, त्याची माफी मागितली की वाचणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं.

दुसऱ्या परिच्छेदाकडे मी तुमचं विशेष लक्ष वेधते, कारण प्रामाणिकपणाची खरी कसोटी तिथे आहे. "पॅनलला माझं सिस्टम डिझाइन कमकुवत वाटलं" असं तिने लिहिलेलं नाही, कारण पॅनलला काय वाटलं हे तिला माहीतच नव्हतं. तिला माहीत होतं ते एवढंच, की कारण कळवलं नव्हतं आणि स्वतःचं कोणतं उत्तर लंगडं पडलं होतं. तेवढंच तिने लिहिलं. तुम्हालाही कारण कळवलेलं नाही, तेव्हा हीच पद्धत ठेवा. अंदाजाला कारण म्हणून लिहिलंत आणि नोंदीत भलतंच कारण असलं, तर विनाकारण विसंगती तयार होते. कधी कधी तर उमेदवार स्वतःला दोष देत असतो आणि आमच्या नोंदीत "जागा आतल्या उमेदवाराने भरली" असं असतं.

आपण कुठे अडकलो हे आठवायची एक रीत आहे. इंटरव्ह्यू घेणारा ज्या प्रश्नावर दोनदा-तीनदा "आणि समजा असं झालं तर?" म्हणत मागे आला, किंवा ज्या प्रश्नानंतर त्याने अचानक विषय बदलला, ते प्रश्न लिहून काढा. दुसऱ्या राउंडचं रिजेक्शन बहुतेक वेळा अशाच एका-दोन जागी झालेलं असतं. काहीच आठवत नसेल तर कारणाचं वाक्य गाळा आणि थेट "त्यानंतर हे काम केलं" यावर या. ओढूनताणून कमतरता कबूल करायची गरज नाही.

तिसऱ्या परिच्छेदात एकच काम आहे, पण ते काय होतं, त्यात तिने स्वतः काय केलं आणि ते आज कुठे चालू आहे हे कळतं. क्लायंटचं नाव नाही, कंपनीच्या व्यवहारांचे आकडे नाहीत. ते लिहू नका, कारण आजच्या कंपनीची आतली माहिती सहज सांगणारा उद्या आमचीही सांगेल असं मॅनेजरच्या मनात येतं. प्रत्यक्ष कामातला पुरावा नसेल तर? तुमच्या कामात असा प्रसंगच आला नसेल, तर स्वतः लिहिलेला छोटा प्रोजेक्ट गिटहबवर ठेवा, ज्यात तीच अडचण सोडवलेली आहे आणि एकाच वेळी अनेक रिक्वेस्ट पाठवून ती तपासलेलीही आहे. प्रॉडक्शनच्या कामाइतकं वजन त्याला नसतं, पण वाचता येतं, चालवून बघता येतं. ऑनलाइन कोर्सच्या सर्टिफिकेटला मात्र अशा वेळी जवळपास काहीच वजन नसतं, कारण मॅनेजरचा प्रश्न "शिकलात का" असा नसून "करता येतं का" असा असतो. आणि खरोखर काहीच बदललं नसेल तर आत्ता अर्ज करू नका. दुसऱ्यांदा त्याच कारणाने रिजेक्ट झालेली नोंद पहिल्यापेक्षा जड पडते, शिवाय कूलिंग पिरियड पुन्हा नव्याने सुरू होतो.

त्या मुलीचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण त्यात एक इशारा आहे. तिचा तिसरा परिच्छेद मी मॅनेजरला तसाच पाठवला. तो म्हणाला, घ्या, पण पहिल्या राउंडपासून. मागच्या वेळचा पास झालेला राउंड धरला गेला नाही, आणि सहसा धरतही नाहीत. इंटरव्ह्यू सुरू झाला तो थेट तिच्या रिफंडवरून. रिक्वेस्टची ती की कोण तयार करतं, तुम्ही का ग्राहकाचं ॲप? नोंद टाकली गेली पण पेमेंट गेटवेकडून उत्तरच आलं नाही, तर ती नोंद कोणत्या स्थितीत ठेवता? तीच की घेऊन पण वेगळी रक्कम असलेली रिक्वेस्ट आली तर? पंधरा-वीस मिनिटं हेच चाललं. काम खरंच तिने केलेलं होतं, म्हणून ती टिकली. नोटमध्ये जे लिहाल तोच पहिला प्रश्न असतो, असं धरूनच लिहा. सहकाऱ्याने केलेलं काम स्वतःच्या नावावर टाकलंत तर दुसऱ्या उपप्रश्नालाच उघडं पडतं. तिला ऑफर मिळाली, पण सीनिअरच्या एक पायरी खालच्या ग्रेडवर. तिने विचार करून ती घेतली.

आता पाठवण्याचा क्रम. आधी पोर्टलवर जुन्या आयडीने लॉगिन करा आणि जुना अर्ज बंद झालेला दिसतो का बघा. कधी कधी रिक्रूटरने तो बंदच केलेला नसतो, आणि मग नवा अर्ज अडकतो किंवा जुन्यालाच चिकटतो. तसं दिसलं तर नोटमध्ये एका ओळीत सांगा, आम्हाला तो दोन मिनिटांत बंद करता येतो. नंतर नवा अर्ज करा, जॉब आयडी टिपून घ्या आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नोट पाठवा. नोट आधी आणि अर्ज नंतर असं केलंत तर मी नाव शोधते तेव्हा नवीन काहीच सापडत नाही. मागच्या वेळचा रिक्रूटर अजून तिथेच असेल तर त्याच जुन्या मेलला उत्तर म्हणून पाठवा, सगळा आधीचा संदर्भ आपोआप खाली येतो. पण या क्षेत्रात माणसं फार लवकर बदलतात, त्यामुळे तो अजून तिथे आहे का हे लिंक्डइनवर बघून घ्या.

लिंक्डइनवर कनेक्शनसोबत पाठवायच्या नोटला अक्षरांची मर्यादा असते, आणि फुकटच्या अकाउंटला ती २०० अक्षरांच्या आसपास आहे. तिथे सगळी कहाणी मावत नाही, मावू देऊही नका. "अमुक जॉब आयडीसाठी अर्ज केला आहे. गेल्या वर्षी दुसऱ्या राउंडला निवड झाली नव्हती. त्यानंतरच्या कामाबद्दल सविस्तर मेल पाठवू का?" एवढं पुरतं. व्हॉट्सॲपवर मात्र रिक्रूटरने आधी तिथे संवाद केला असेल तरच लिहा.

तुमच्यापेक्षा वेगळी परिस्थिती असलेल्यांसाठी थोडक्यात. रेझ्युमे पाहूनच नकार आला असेल, कुणाशी बोलणंही झालं नसेल, तर तो वेगळा सांगण्याची गरज नाही. फॉर्ममध्ये विचारलं तर "हो" लिहा, बस. पगारावर फिसकटलं असेल तर आजची अपेक्षा आकड्यासकट नोटमध्येच लिहा, कारण नोंदीत जुना आकडा बसलेला असतो आणि रिक्रूटर तोच धरून चालतो. ऑफर स्वीकारून जॉइनच झाला नसाल तर तो सर्वांत कठीण प्रकार. तिथे कारण खरं आणि स्पष्ट सांगावंच लागतं, आणि तरीही काही कंपन्या घेत नाहीत. दुसऱ्याला बसवून इंटरव्ह्यू दिल्याचं किंवा बनावट अनुभवपत्र दिल्याचं नोंदीत असेल, तर कुठल्याही नोटने काम होत नाही.

नोट पाठवल्यावर सात-आठ कामाचे दिवस थांबा आणि मग त्याच मेलवर दोन ओळींची एकच आठवण करा. त्यानंतरही उत्तर नाही आलं तर थांबा. त्याच कंपनीतल्या चार रिक्रूटरना तोच मजकूर पाठवू नका, आम्ही एकमेकांच्या शेजारी बसतो आणि नोंदही एकच असते. या वेळीही नकार आला तर त्याच मेलला उत्तर देऊन दोनच गोष्टी विचारा: कोणत्या विषयात कमी पडलो हे ढोबळपणे सांगता येईल का, आणि पुन्हा अर्ज कोणत्या तारखेनंतर करता येईल. पहिल्याचं उत्तर मिळेलच असं नाही. दुसऱ्याचं बहुतेक वेळा मिळतं, आणि ती तारीख वहीत लिहून ठेवण्यासारखी असते.